‘आंबा पिकू द्या’ तेलुगूत का पिकला नाही

ओळ मला आवडली होती, हे आधीच सांगते. सोलापुरातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाला उन्हाळ्यात मोफत मोतीबिंदू शस्त्रक्रियेचं शिबिर घ्यायचं होतं आणि त्याच्या प्रचाराचं काम आमच्या छोट्या जाहिरात संस्थेकडं आलं होतं. डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी तासभर बोलले. त्यांची तक्रार एकच होती. माणसं तपासायला येतात, मोतीबिंदू आहे हे कळतं आणि मग ती घरी जातात, कारण ‘अजून पिकला नाही’. जुन्या पद्धतीत डोळ्यातलं भिंग अख्खंच्या अख्खं काढायचे. तेव्हा ते पूर्ण पांढरं आणि टणक होईपर्यंत डॉक्टर स्वतःच थांबायला सांगत. आता लहानशा छेदातून गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात, त्यामुळं पिकायची गरज उरलेली नाही. उलट फार पिकू दिला तर भिंग टणक होऊन शस्त्रक्रिया अवघड होते, आणि काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढून आतली नस कायमची खराब होते. पद्धत बदलली, पण आजोबांच्या वेळचा सल्ला घराघरांत तसाच राहिला.

म्हणून ओळ सुचली: ‘आंबा पिकू द्या, मोतीबिंदू पिकू देऊ नका.’ एप्रिल-मेचे दिवस, लक्ष्मी मंडईत आंब्याच्या पाट्या लागलेल्या. ज्या शब्दानं गैरसमज तयार झाला, त्याच शब्दानं तो खोडायचा होता. रुग्णालयाच्या विश्वस्तांनी एका बैठकीत मान्य केली. मग त्यातले एक काका म्हणाले, “आता हीच तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूत करून टाका.”

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. सोलापुरात ही मागणी हौसेची नसते. पूर्व भागात पद्मशाली समाजाची वस्ती मोठी आहे. ही कुटुंबं तेलंगणातून विणकामासाठी आली आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात तेलुगू बोलतात. विड्या वळणाऱ्या बायकांत त्यांचीच संख्या जास्त. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कितीतरी घरांची बोली कन्नड आहे. ज्यांच्या नावानं आमची गड्ड्याची जत्रा भरते त्या सिद्धरामेश्वरांची वचनंसुद्धा कन्नडच आहेत. विजापूर वेशीकडं घराघरांत दखनी उर्दू. मोतीबिंदू बहुतेक साठीच्या पुढच्या माणसांना होतो, आणि या वयाच्या बायका मराठी समजत असल्या तरी डोळ्यासारख्या नाजूक गोष्टीचा निर्णय घरच्या भाषेतच घेतात.

मी नेहमीच्या पद्धतीनं गेले. तिन्ही भाषांच्या अनुवादकांना मराठी मजकूर पाठवला: मथळा, खाली ‘आपल्या आईला तपासणीसाठी घेऊन या’ ही ओळ, मग तारीख-वेळ-पत्ता. मजकूर आल्यावर तो दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मराठीत करून घेतला. चूक पकडायची ही रूढ रीत आहे. तिन्हींचं उलट भाषांतर अगदी बरोबर आलं. आंब्याला आंबा, मोतीबिंदूला मोतीबिंदू, पिकण्याला पिकणं. मी फाइलवर ‘मंजूर’ लिहिलं आणि रिक्षावरच्या भोंग्यासाठी ध्वनिमुद्रणाची वेळ घेतली.

तेलुगूसाठी आवाज देणाऱ्या आक्का पूर्व भागातल्या आहेत, भजनी मंडळात गातात. त्यांनी कागद हातात घेतला आणि वाचलं, “मामिडिनि पंडनिव्वंडि, शुक्लान्नि पंडनिव्वकंडि.” परत एकदा वाचलं. मग कागद खाली ठेवून मला मराठीत विचारलं, “हे मी बोलते, पण ऐकणाऱ्यानं काय समजायचं?”

मी म्हटलं, मोतीबिंदू पिकू देऊ नका.

“डोळ्यातलं ते पंडत नाही हो. पीक पंडतं. नवस पंडतो. एखादीची कूस पंडते. चांगलं झालं की पंडलं म्हणतो आम्ही.”

त्या दिवशी मुद्रण झालं नाही. मी त्यांच्याशी बोलत बसले आणि जे कळलं त्यानं माझी झोप उडाली. तेलुगूत ‘पंडु’ हे फळ पिकण्याचं क्रियापद आहे, पण त्याच्यासोबत शुभ येतं. ‘पंट पंडिंदि’ म्हणजे पीक आलं, आणि बोलण्यात त्याचाच अर्थ नशीब फळफळलं. ‘नोमु पंडिंदि’ म्हणजे व्रत फळाला आलं. आजार वाढला की तेलुगूत ‘मुदिरिंदि’ म्हणतात. हेच क्रियापद भेंडी जून झाली की वापरतात. म्हणजे मराठीत आंबा आणि मोतीबिंदू दोघंही ‘पिकतात’ म्हणून माझी ओळ उभी होती. तेलुगूत आंबा एका क्रियापदावर चालतो आणि डोळा दुसऱ्या. ओळीतला सांधाच तिथं नव्हता. अनुवादकानं तो जबरदस्तीनं बसवला होता, आणि बसवताना मोतीबिंदूला आशीर्वाद दिल्यासारखं झालं होतं.

मी लगेच कन्नड मजकूर काढला. तिथंही ‘हण्णागु’ होतं, म्हणजे शब्दशः ‘फळ होणं’. आमच्या कार्यालयातला मांडणी करणारा मुलगा अक्कलकोटकडचा. त्याला वाचून दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, “हण्णु हण्णु मुदुकी म्हणतात आमच्यात, म्हणजे पार थकलेली म्हातारी. पण डोळ्यातली पोरी, म्हणजे मोतीबिंदू, हण्णु होत नाही, ती बलिते.” पुन्हा तेच. बलिणं म्हणजे जून होणं, भाजीसारखं. द्राविड घरातल्या या दोन्ही भाषा इथं एका बाजूला होत्या आणि मराठी-हिंदी दुसऱ्या.

सगळ्यात जास्त बोचलं ते उलट भाषांतर. ज्या रीतीवर मी विसंबून होते, तिनंच मला फसवलं होतं. शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर उलटं फिरवलं की पुन्हा मूळ शब्दच मिळणार, त्यामुळं ते नेहमी निर्दोष दिसतं. अंक किंवा तारीख चुकली, ‘नाही’ गळलं, तर उलट भाषांतरात सापडतं. पण ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटलं ते त्यात दिसत नाही. तपासणी पुढं चालू ठेवायची असेल तर ती वेगळ्या प्रश्नानं करायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी आक्कांबरोबर विडी कामगारांच्या घरकुलात गेले. मजकूर नेला नाही, मुद्दाम. दुपारची वेळ, दारात सूप घेऊन चार-पाच जणी बसलेल्या. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोऱ्यानं बांधायचं. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणून बोलताना हात थांबत नाहीत. त्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी पान बोटांनी चाचपून शीर शोधत होत्या. मी आक्कांना एवढंच विचारायला सांगितलं: म्हातारपणी दिसेनासं होतं त्याला तुम्ही काय म्हणता, ते वाढलं की काय म्हणता, आणि काढून टाकायचं म्हटलं की काय म्हणता.

उत्तरं पटापट आली. दोघी तेलुगू बोलता बोलता सरळ ‘मोतीबिंदू’च म्हणाल्या. आजी म्हणाल्या, “कंट्ल पोर वच्चिंदि.” डोळ्यात पोर आली. पोर म्हणजे पापुद्रा, पातळ थर, कांद्याचा असतो तसा. आमच्या अनुवादकानं लिहिलेला ‘शुक्लमु’ हा शब्द एकीलाच माहीत होता, तोही तिला दवाखान्यातल्या कागदावर भेटला होता. पुस्तकी तेलुगूत ‘कंट्लो’ म्हणतील, पण तेलंगणाच्या बोलीत तो ओ गळून ‘कंट्ल’ होतो. हे माझ्या कानाला कळलं नसतं, आक्कांनी सांगितलं.

मोती हा शब्द मराठीला आणि हिंदीला सुचला, कारण आम्ही बुबुळातला पांढरा ठिपका बाहेरून पाहिला. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्यांना तिथं पडदा दिसला. तेलुगूत पोर, कन्नडमध्ये पोरे. आणि पडदा ही प्रचाराच्या दृष्टीनं मोत्यापेक्षा कितीतरी सोयीची वस्तू आहे, कारण पडदा पिकायची वाट कुणी पाहत नाही, तो बाजूला करतात. तेलुगूत मला गैरसमज खोडण्यासाठी आंब्यापर्यंत जायचीच गरज नव्हती.

परतताना रिक्षात आक्का गुणगुणत होत्या. मधेच म्हणाल्या, “पोर आणि पोरपाटु.” पोरपाटु म्हणजे चूक. मी म्हटलं, पुन्हा म्हणा. त्यांनी जुळवून म्हटलं: “कंट्ल पोर, उंचुकुंटे पोरपाटु.” डोळ्यात पडदा, ठेवून घेतलात तर चूक. चारच शब्द, कानाला गोड, आणि मराठीत अजिबात न होणारे. मी तिथंच वहीत लिहून घेतलं. त्या ओळीखाली आक्कांचं नाव जायला हवं असं मला वाटलं आणि मानधनाच्या पावतीवर मी त्यांना ‘आवाज’ आणि ‘लेखन’ असे दोन वेगळे आकडे दिले. आमच्या धंद्यात स्थानिक माणसाकडून ओळ घेतात आणि पैसे मात्र वाचण्याचेच देतात. ते मला पटत नाही.

दुसऱ्या ओळीचा प्रश्न यापेक्षा बारीक होता आणि जास्त धोक्याचा. ‘आपल्या आईला तपासणीसाठी घेऊन या.’ मराठीत ‘आपल्या’ म्हणजे ज्याच्याशी बोलतोय त्याच्या स्वतःच्या, आणि त्यात आदरही येतो. तेलुगू मजकुरात ‘मन अम्मनु’ असं आलं होतं. मराठीत आम्ही आणि आपण यांत फरक आहे तसाच तेलुगूत मेमु आणि मनमु यांत आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ असेल तर मनमु. म्हणून अनुवादकानं ‘आपलं’ पाहिलं आणि ‘मन’ लिहिलं. पण ‘मन अम्म’ म्हणजे तुझी-माझी, दोघांची मिळून असलेली आई. असं भाऊ बहिणीला म्हणेल. भोंगा गल्लीत फिरून असं म्हणायला लागला तर तो प्रत्येकाचा भाऊ झाला. तिथं ‘मी अम्मनु’ हवं होतं, म्हणजे ‘तुमच्या आईला’. मात्र शेवटी रुग्णालयाची ओळख करून देताना ‘आपल्या सोलापुरात’ होतं, तिथं ‘मन सोलापूर’ हेच बरोबर, कारण गाव खरोखर दोघांचंही आहे. मराठीतला एकच शब्द तेलुगूत दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द मागत होता. कन्नडमध्ये हा भेदच नाही, ‘नम्म’ दोन्हीकडं चालतो, पण आईच्या ओळीत तिथंही ‘निम्म’ केलं.

‘घेऊन या’वरून तर वाद झाला. आमचे अनुवादक किनारपट्टीच्या आंध्रकडचे, व्यासंगी गृहस्थ. त्यांनी ‘तीसुकोनि रंडि’ लिहिलं होतं. आक्कांनी मुद्रणाच्या वेळी सहज ‘तोल्कोनि रंडि’ म्हटलं. अनुवादक फोनवर ऐकून अस्वस्थ झाले. त्यांच्याकडं ‘तोलु’ म्हणजे गुरं हाकणं किंवा गाडी हाकणं. आईला हाकून आणा, असं कसं म्हणता? आक्का शांतपणे म्हणाल्या, “आमच्यात माणसाला सोबत घेऊन येणं म्हणजे तोल्कोनि येणं. हात धरून आणायचं.” दोघांचंही खरं होतं. मला ठरवायचं होतं की ही जाहिरात कोण ऐकणार. पूर्व भागातल्या घरांची मुळं तेलंगणात आहेत, म्हणून तोल्कोनि ठेवलं. तीच फीत पुढं आंध्रच्या किनारी भागात वापरायची वेळ आली असती तर ही ओळ बदलावी लागली असती, आणि तशी नोंद मी फाइलमध्ये केली आहे.

कन्नडचं काम त्या मानानं लवकर उरकलं, कारण तोवर मी प्रश्न विचारायला शिकले होते. मांडणी करणाऱ्या मुलाबरोबर त्याच्या गावी गेले. आमच्याकडची कन्नड उत्तर कर्नाटकाच्या वळणाची. घर म्हणजे ‘मने’ऐवजी ‘मनी’, म्हणून पडदाही ‘पोरे’ऐवजी ‘पोरी’. आदरानं सांगायचं तर क्रियापदाला ‘री’ लागतो: बर्री, नोड्री. अनुवादात ‘बन्नि’ आणि ‘तायि’ होतं, बंगळुरूच्या पुस्तकातलं. त्याच्या गावात आईला ‘अव्व’ म्हणतात. आणि त्या मुलाच्या घरी ‘आयी’ म्हणजे आजी, त्यामुळं मराठी भित्तिपत्रकावरची आई वाचून त्याच्या धाकट्या बहिणीला लहानपणी आजीच वाटायची. पारावर बसलेल्या एका आजोबांना मुलानं विचारलं, पोरी काढून झाल्यावर पहिल्यांदा काय बघाल? ते म्हणाले, “मोम्मक्कळ मुख.” नातवंडांचं तोंड. ओळ तिथंच झाली: ‘पोरी तेगसरी, मोम्मक्कळ मुख नोड्री.’ पडदा काढून घ्या, नातवंडांचं तोंड बघा. तेगसरी-नोड्री हे यमक जुळवून आणलेलं नाही, ‘री’ दोन्हीकडं असतोच. आणि पिकण्याचा गैरसमज खालच्या ओळीत साध्या शब्दांत घेतला: ‘बलियो तनका कायबेडरी’, जून होईपर्यंत थांबू नका. मराठीत आणि तेलुगूत आपण वाट ‘पाहतो’, आणि डोळ्यांच्या जाहिरातीत ‘पाहू नका’ हे शब्द मला नको होते. कन्नडमध्ये ‘कायु’ म्हणजे राखणं आणि वाट पाहणं दोन्ही, त्यात पाहण्याचा संबंध येत नाही, म्हणून तिथं ते निर्धास्त वापरता आलं.

दखनीत मात्र आंबा टिकला. हिंदी-उर्दूत आमही पकतो आणि मोतियाही पकतो. विजापूर वेशीतल्या एका शिंपीकाम करणाऱ्या आपांनी ऐकताच म्हटलं, “आम पकने दो, मोतिया नक्को!” मला वाटलं, झालं. भित्तिपत्रकावरही हेच छापू. पण त्यांचे सासरे, निवृत्त उर्दू शिक्षक, यांनी हरकत घेतली. ते म्हणाले, “दखनी आमची घरातली बोली आहे. पण छापून आली की लोकांना विनोद वाटतो, कारण नक्कल करणाऱ्यांनी ती तशी करून ठेवली आहे. दवाखान्याच्या कागदावर आमची जबान हसण्यासाठी नको.” मी याचा विचारच केला नव्हता. मला बोली म्हणजे जवळीक वाटत होती, आणि त्यांच्या अनुभवात ती टिंगलीची जागा होती. शेवटी छापील उर्दूत ‘आम पकने दीजिए, मोतिया नहीं’ ठेवलं आणि भोंग्यावर आपांच्याच आवाजात ‘नक्को’. सासऱ्यांनी फीत पूर्ण ऐकली आणि होकार दिला. बोलणारी घरची असली की ऐकणाऱ्याला ती आपलीच वाटते, हे त्यांचंच म्हणणं.

आता सगळं घेऊन विश्वस्तांकडं जायचं होतं आणि तिथं खरी परीक्षा होती. नियमानुसार मी उलट भाषांतर द्यायला हवं होतं. दिलं असतं तर कागदावर असं दिसलं असतं: तेलुगू, ‘डोळ्यात पापुद्रा, ठेवल्यास चूक’. कन्नड, ‘पापुद्रा काढवा, नातवंडांचं मुख पाहा’. आंबा गायब. ज्यांनी आंबा मान्य केला होता त्यांनी विचारलं असतं, आमची ओळ कुठं गेली? वाईट भाषांतर उलट तपासणीत पास झालं होतं आणि चांगलं काम नापास झालं असतं.

म्हणून मी तीन रकाने केले. पहिल्यात ओळ देवनागरीत. दुसऱ्यात शब्दशः अर्थ, ओबडधोबड असला तरी. तिसऱ्यात ही ओळ कोणता गैरसमज खोडते आणि त्या भाषेत मूळ ओळ का चालत नाही, ते दोन-तीन वाक्यांत. शिवाय प्रत्येक भाषेतल्या पाच माणसांना फीत ऐकवून दोन प्रश्न विचारले होते: काय समजलं, आणि आता काय कराल? त्यांची उत्तरं जशीच्या तशी जोडली. आंब्याची जुनी तेलुगू ओळ नुसती वाचून दाखवली तेव्हा एका काकूंनी उत्तर दिलं होतं, “आंब्याचा दवाखाना निघालाय वाटतं.” नव्या फितीला त्याच काकूंनी विचारलं, “सकाळी उपाशी यायचं का?” ही दोन उत्तरं वाचल्यावर बैठकीत आंब्याचा विषय कुणी काढला नाही.

एक विषय मात्र निघाला, आणि त्यानं मी घाबरले. कन्नड फीत लागली आणि विश्वस्त काकांनी हात वर केला. “उचित शस्त्रचिकित्से म्हणताय. उचित? आपली शस्त्रक्रिया मोफत आहे. मोफत कुठं आहे? ते आधी घाला.” कन्नडमध्ये उचित म्हणजेच मोफत. तेलुगूतही तसंच. संस्कृतातून आलेला एकच शब्द मराठीत ‘योग्य’ झाला आणि तिकडं ‘विनामूल्य’. काकांना कन्नड येत नव्हतं, पण शब्द ओळखीचा वाटला आणि त्यांनी तो मराठी अर्थानं ऐकला. मी समजावलं, त्यांना पटलं. पण नंतर माझ्या लक्षात आलं की हे बैठकीत झालं म्हणून बरं. छापखान्यात एखाद्या काळजीवाहू माणसानं शेवटच्या क्षणी ‘उचित’ काढून दुसरं काही टाकलं असतं तर सगळ्या प्रचारातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द गेला असता. तेव्हापासून मी अशा शब्दांची यादी मजकुराला टाचते: दिसतात ओळखीचे, हात लावू नका. तेलुगूत ‘अवसरम्’ म्हणजे गरज, कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई, आणि हिंदीत संधी. तेलुगूत ‘तनिखी’ म्हणजे तपासणीच, पण अधिकारी येऊन करतो ती. पहिल्या अनुवादात ‘आरोग्य तनिखी’ होतं. विड्यांच्या कारखान्याशी संबंध असलेल्या बाईला ते ऐकून दवाखाना आठवणार नाही. तिथं ‘परीक्ष’ केलं.

लिपीचा प्रश्न मी शेवटपर्यंत पूर्ण सोडवू शकले नाही. पूर्व भागातल्या अनेकांचं शिक्षण मराठी शाळेत झालं. तेलुगू बोलतात, वाचता येत नाही. म्हणून मी तेलुगू ओळ देवनागरीत छापून पाहिली आणि नमुना घरकुलात नेला. एका मुलीनं वाचलं, “कंट्ल पोर...” आणि थांबली. देवनागरीत आपण ऱ्हस्व ओ वेगळा लिहीत नाही. तेलुगूतला पोर ऱ्हस्व आहे, पण वाचताना तिच्या तोंडी मराठीतलं पोर आलं, लहान मूल. डोळ्यात मूल. आजीला ऐकवलं तेव्हा तिला लगेच कळलं, पण डोळ्यांनी वाचणारीला अडखळायला झालं. शब्दखेळावर उभी असलेली ओळ अडखळली की संपली. शेवटी भित्तिपत्रकावर तेलुगू ओळ तेलुगू लिपीतच मोठी ठेवली, ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठी. तारीख, वेळ, पत्ता, काय आणायचं हे सगळं मराठीत. आणि तेलुगूचं मुख्य वजन भोंग्यावर आणि आक्कांच्या आवाजातल्या मोबाइलवर पाठवायच्या फितीवर टाकलं. कन्नडचंही जवळपास असंच केलं. ज्या तरुण मुलींना लिपी येत नाही पण ज्या आजीला घेऊन येणार आहेत, त्यांच्यापर्यंत कागद अर्धाच पोचला, हे मला मान्य आहे.

शिबिराच्या पहिल्या दिवशी सकाळी मी नोंदणीच्या टेबलाजवळ उभी होते. घरकुलातल्या त्या चाचपून पान कापणाऱ्या आजी नातीबरोबर आल्या. नोंदणीवरच्या मुलानं मराठीत विचारलं, “आजी, काय त्रास आहे?” आजी म्हणाल्या, “कंट्ल पोर.” त्यानं पेन उचललं आणि विचारलं, “पोराचं वय काय?”

नात हसली, मग तिनं सांगितलं. पण मला कळलं की मी गल्लीत, भिंतीवर, भोंग्यावर आजींचा शब्द पोचवला आणि ज्या टेबलावर त्या तो शब्द घेऊन आल्या, तिथं तो कुणाला माहीत नव्हता. मी रुग्णालयातून एक पुठ्ठा मागून घेतला आणि जाड पेनानं लिहून टेबलाच्या आतल्या बाजूला, बसणाऱ्याला दिसेल असा चिकटवला: मोतीबिंदू, मोतिया, तेलुगू पोर, कन्नड पोरी, चारही एकच. त्याखाली मुलानं स्वतःच्या अक्षरात ‘शुक्लमु’ही लिहिलं, कारण दुपारी एक गृहस्थ तो शब्द म्हणत आले होते.

आजींचा उजवा डोळा दुसऱ्या दिवशी झाला. पुठ्ठा अजून तिथंच आहे, मागच्या आठवड्यात गेले तेव्हा त्यावर आणखी दोन शब्द वाढलेले दिसले.